सिलेक्शन चॅनलमध्ये सेव्ह करणं

फोटोशॉप, गिंप यांसारख्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमधली एक पद्धत. फोटोतल्या वस्तूची एकदा नीट काढलेली कड फाईलमध्येच वेगळ्या चॅनलच्या रूपात ठेवायची आणि मग रंग बदललेली, बॅकग्राऊंड बदललेली अशी कितीही व्हर्जन्स करायची असली तरी तीच कड परत परत वापरायची, असं हे काम. अशा चॅनलला अल्फा चॅनल म्हणतात. नुसतं सिलेक्शन, म्हणजे फोटोतला निवडलेला भाग, क्षणभरचं असतं, चुकून बाहेर क्लिक झालं की गेलं आणि फाईल बंद केली की तर गेलंच, म्हणून अर्धा तास घालवून काढलेली कड जपायची ही जागा.

चॅनल म्हणजे काय हे कळलं की बाकीचं आपोआप सोपं जातं. आरजीबी फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात आणि प्रत्येक चॅनल हा खरं तर एक काळा-पांढरा फोटोच असतो. अल्फा चॅनल हा चौथा तसाच फोटो, फक्त त्यात रंगाची माहिती नसते, कुठलं पिक्सेल किती सिलेक्ट झालंय एवढंच असतं. पांढरं म्हणजे पूर्ण सिलेक्ट, काळं म्हणजे अजिबात नाही, आणि मधले करडे म्हणजे अर्धवट. ८ बिट फाईलमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात, त्यामुळे केस, धागे, धूसर कडा असं सगळं त्यात मावतं. ही कल्पना अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करताना काढली, आणि १९८४ साली पोर्टर आणि डफ यांनी एकावर एक चित्रं बसवायचं गणित पद्धतशीर मांडलं. फोटोशॉपमध्ये लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे थर, आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत, त्याआधी कटआऊट जपून ठेवायचं तर चॅनलवरच भिस्त होती. जुने ऑपरेटर अजूनही आधी चॅनल पॅनल उघडतात ते उगाच नाही.

कृती तशी दोन मिनिटांची. सिलेक्शन चालू असताना `Select > Save Selection` घ्यायचं, नाव द्यायचं, ओके. नाव दिलं नाही तर `Alpha 1`, `Alpha 2` अशी नावं पडतात आणि महिन्याभराने फाईल उघडल्यावर कुठला चॅनल कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा नाव द्याच. परत हवं असेल तेव्हा `Select > Load Selection`, किंवा चॅनल पॅनलमध्ये त्या चॅनलच्या छोट्या चित्रावर `Ctrl` दाबून क्लिक (मॅकवर `Cmd`). आधीच्या सिलेक्शनमध्ये चॅनल मिळवायचा तर `Ctrl+Shift` क्लिक, वजा करायचा तर `Ctrl+Alt` क्लिक. ही मिळवणी-वजाबाकी हीच या पद्धतीची खरी ताकद आहे, ती उदाहरणातच नीट दिसते.

समजा कोल्हापुरी चपलेच्या जोडाचा एक फोटो आहे, पांढऱ्या कार्डशीटवर काढलेला, ३००० बाय २००० पिक्सेल. चप्पल नैसर्गिक कातडी रंगाची, वर लाल गोंडा. दुकानदाराला तपकिरी, काळी आणि मरून अशी तीन व्हर्जन्स हवीत, गोंडा मात्र तिन्हीत लालच, शिवाय प्रत्येक व्हर्जन शॉपिंग साईटसाठी पांढऱ्यावर आणि दिवाळीच्या जाहिरातीसाठी पिवळ्यावर. म्हणजे सहा चित्रं. सहा वेळा कड काढली तर सहाही कडा थोड्या थोड्या वेगळ्या येणार आणि साईटवर रंग बदलून बघताना चप्पल जागच्या जागी हलल्यासारखी दिसणार.

म्हणून आधी चॅनल तयार करायचे. कातड्याची कड कडक असते, ती पेन टूलने पाथ, म्हणजे पिक्सेलवर न अवलंबणारी रेघ, काढून घ्यायची, पाथचं सिलेक्शन करताना फेदर, म्हणजे कडेचा मऊपणा, अर्धा पिक्सेल ठेवायचा आणि सेव्ह करायचं, नाव 'पूर्ण'. आता गोंडा. त्याचे धागे पेनने काढत बसणं म्हणजे डोळे फोडून घेणं. त्यापेक्षा फोटोचेच तीन चॅनल एकेक करून बघायचे. लाल गोंडा निळ्या चॅनलमध्ये काळपट दिसतो आणि मागचं पांढरं कार्ड पांढरंच राहतं, म्हणजे धाग्यांची कड तिथे आयती तयार आहे. निळ्या चॅनलची कॉपी करायची (मूळ निळ्या चॅनलला हात लावायचा नाही, नाहीतर फोटोचाच रंग बिघडेल), कॉपी `Ctrl+I` ने उलटी करायची, लेव्हल्सने काळं अजून काळं आणि पांढरं अजून पांढरं करायचं, पण धाग्यांच्या टोकांचा करडेपणा जाईपर्यंत ताणायचं नाही. गोंड्याखालचं कातडंही निळ्यात गडदच असतं, त्यामुळे तेही पांढरं होऊन येईल, ते काळ्या ब्रशने रंगवून टाकायचं. उरला तो चॅनल 'गोंडा'.

मग हिशोब सोपा. 'पूर्ण' लोड करून सेव्ह सिलेक्शनमध्ये 'गोंडा' चॅनल निवडून `Add to Channel` केलं तर गोंड्यातच चप्पल मिसळेल, तसं करायचं नाही. 'पूर्ण' लोड करायचं, `Ctrl+Shift` क्लिकने 'गोंडा' त्यात मिळवायचा आणि 'बाहेरची कड' नावाने नवा चॅनल करायचा, हा बॅकग्राऊंड काढायला. परत 'पूर्ण' लोड करून `Ctrl+Alt` क्लिकने 'गोंडा' वजा करायचा आणि 'कातडं' म्हणून ठेवायचं, हा रंग बदलायला. 'कातडं' लोड असताना कर्व्ह्ज किंवा ह्यू-सॅच्युरेशनचा अॅडजस्टमेंट लेअर टाकला की तेच सिलेक्शन आपोआप त्या लेअरचा मास्क होतं, म्हणजे लेअरचा परिणाम तेवढ्याच भागावर दिसतो. काळ्या रंगासाठी ह्यू-सॅच्युरेशनमधली लाइटनेस खाली ओढू नका, कातडं प्लॅस्टिकसारखं सपाट दिसतं, सॅच्युरेशन कमी करून कर्व्ह्जने गडद केलं की शिवण आणि सुरकुत्या टिकतात. तीन रंगांचे तीन ग्रुप, खाली दोन बॅकग्राऊंड, प्रत्येक ग्रुपला 'बाहेरची कड' चा मास्क, आणि सहाही चित्रांत चपलेची बाह्यरेषा पिक्सेल टू पिक्सेल एकच.

सेव्ह सिलेक्शनच्या खिडकीत एक सापळा आहे. जुना चॅनल निवडला की खाली `Replace Channel` आपोआप टिक झालेलं असतं, घाईत ओके दाबलं की आधीची कड पुसली जाते. लगेच लक्षात आलं तर अनडू होतं, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर नाही.

चॅनल तपासायचा तर फक्त मुंग्यांच्या रांगेवर, म्हणजे त्या सरकत्या ठिपक्यांच्या रेघेवर, विश्वास ठेवून चालत नाही. ती रेघ फक्त ५० टक्क्यांच्या वर सिलेक्ट झालेल्या भागाभोवती दिसते, त्याहून फिके धागे सिलेक्ट असूनही रेघेच्या बाहेर राहतात. खरं चित्र चॅनलवर क्लिक करून तो एकटा बघितल्यावर दिसतं. पांढऱ्याच्या आत करडे डाग असतील तर तिथे चप्पल अर्धवट पारदर्शक होणार आणि पिवळ्या बॅकग्राऊंडवर कातड्यातून पिवळं डोकावणार, काळ्यात पांढरे ठिपके असतील तर कार्डशीटवरची धूळ चिकटून येणार. दोन्ही ब्रशने सरळ रंगवून टाकता येतं, कारण चॅनल म्हणजे शेवटी फोटोच. काम झाल्यावर मात्र `Ctrl+2` दाबून परत मूळ फोटोवर यायचं. नवखे लोक इथेच अडकतात, चॅनल निवडलेला राहतो आणि मग ब्रशने फक्त काळं-पांढरंच का उमटतंय म्हणून सेटिंग शोधत बसतात. आणि काळं-पांढरं उलटं दिसत असेल तर चॅनलवर डबल क्लिक करून `Color Indicates` खाली काय टिक आहे ते बघावं, तिथे `Selected Areas` असेल तर सगळं उलटं दिसतं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे पिवळ्यावर ठेवल्यावर चपलेभोवती पांढरी झालर. चॅनलची चूक नाही ही, चॅनल फक्त किती दिसायचं ते सांगतो, कडेच्या पिक्सेलमध्ये कार्डाचा पांढरा रंग मिसळलाय तो काही तो काढत नाही. 'पूर्ण' ची कॉपी करून त्यावर `Filter > Other > Minimum` एक पिक्सेलने चालवलं की पांढरा भाग आत सरकतो आणि झालर बहुतेक जाते. 'बाहेरची कड' या नव्या 'पूर्ण' वरून परत बनवायची. गोंड्यावर हे करू नका, बारीक धागे गायब होतील.

चॅनल कॅनव्हासला बांधलेला असतो, लेअरला नाही. लेअर मास्क लेअरबरोबर सरकतो, पण चप्पल मूव्ह टूलने उजवीकडे नेली तर चॅनल जुन्याच जागी राहतो आणि लोड केल्यावर अर्धी चप्पल बाहेर. आख्ख्या फाईलची साईज बदलली, क्रॉप केली किंवा कॅनव्हास फिरवला तर चॅनलही बरोबर बदलतो, त्यात अडचण नाही, फक्त साईज बदलताना किंवा तिरकं फिरवताना रिसँपल होऊन, म्हणजे पिक्सेल नव्याने मोजले जाऊन, कड थोडी मऊ पडते. फ्लेक्ससाठी चौपट मोठं करायचं असेल तर चॅनलची कड भोंगळी दिसणार, तिथे पाथच बरा, कारण पाथ कितीही मोठा केला तरी तसाच राहतो. म्हणून कडक कडेच्या वस्तूचा पाथही फाईलमध्ये सेव्ह करून ठेवतात आणि चॅनल मऊ भागासाठी वापरतात.

ट्रायपॉड न हलवता त्याच जोडाचे दोन-तीन फोटो वेगळ्या लाइटमध्ये काढले असतील तर एकाचा चॅनल दुसऱ्याला चालतो. दोन्ही फाईली उघड्या ठेवायच्या, लोड सिलेक्शनमध्ये `Document` मधून पहिली फाईल निवडायची. पण त्या यादीत फक्त तेवढ्याच पिक्सेल साईजच्या उघड्या फाईली येतात, एक जरी क्रॉप केलेली असली तरी ती दिसणारच नाही, आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलंय.

जागेचा हिशोब करायचा तर आपल्या ३००० बाय २००० च्या फाईलमध्ये एक ८ बिट चॅनल कॉम्प्रेस न करता साधारण ६ एमबी, म्हणजे फोटोच्या तिन्ही रंगांच्या एक तृतीयांश. पीएसडीत सपाट काळं-पांढरं चांगलं दाबलं जातं म्हणून प्रत्यक्षात बरंच कमी. फोटोशॉप एका फाईलमध्ये रंगांचे धरून ५६ चॅनल ठेवू देतं. गिंपमध्ये हेच काम `Select > Save to Channel` ने होतं, परत आणायला चॅनलवर राइट क्लिक करून `Channel to Selection`, आणि फाईल एक्ससीएफमध्ये ठेवायची. फोटोशॉपवाल्यांनी पीएसडी किंवा टिफ, आणि टिफ सेव्ह करताना `Alpha Channels` ची टिक काढलेली नाही ना ते बघायचं. जेपीजीत अल्फा चॅनल राहतच नाही, पीएनजीत पारदर्शकता राहते पण नाव दिलेले चार वेगळे चॅनल राहत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकाला जेपीजी पाठवा खुशाल, पण मूळ पीएसडी डिलीट करू नका, पुढच्या सीझनला चौथा रंग मागायला तो येतोच.