डबीवर झायलिटॉल, गोळीत किती?

गेल्या पावसाळ्यात फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात शाळेतल्या बाई आल्या. वय अडुसष्ट. दात त्यांनी आयुष्यभर जपलेले, आणि दोन वर्षांपूर्वी मी तपासलं तेव्हा एकही नवी कीड नव्हती. या वेळी खालच्या दातांवर चार जागी, हिरडी सरकून मूळ उघडं पडलेल्या भागात, तपकिरी डाग दिसले. हत्याराने हलकेच दाबून पाहिलं तर ते मऊ लागले. तपासायचा आरसा गालाला लावला की चिकटून बसत होता. तोंड कोरडं पडल्याची ही आमची साधी खूण आहे.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. नागीण होऊन गेल्यावर नसांचं दुखणं राहिलं म्हणून बाई रात्री अमिट्रिप्टिलीन घेत होत्या. या औषधाने लाळ कमी होते. घसा सुकतो म्हणून त्या दिवसभर पेपरमिंटची साखरेची गोळी गालात धरून ठेवत, आणि संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की काकण, म्हणजे बांगडीच्या आकाराचा पाव, चहात बुडवून खात. लाळ नाही आणि तोंडात सतत साखर, मग मुळांना कीड लागायला आणखी काही लागत नाही.

"अरे, पण मी आता गोळ्या सोडल्या," असं म्हणत त्यांनी पर्समधून एक डबी काढली. दुबईहून मुलाने पाठवलेली च्युइंगमची. वर ठळक अक्षरांत साखरविरहित आणि झायलिटॉलयुक्त असं लिहिलेलं. "दिवसाला तीन चघळते. आता कीड थांबेल ना?"

या प्रश्नाचं उत्तर डबीच्या मागच्या बाजूला होतं. पण ते वाचायचं तर साखरेऐवजी घातलं जाणारं हे झायलिटॉल करतं काय आणि किती मात्रेत करतं, हे आधी माहीत हवं.

कीड लावणारा प्रमुख जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. साखर खाऊन तो आम्ल सोडतो आणि आम्लाने दातातलं कॅल्शियम विरघळतं. इनॅमलच्या बाबतीत साधारण ५.५ सामूच्या खाली हे सुरू होतं. मुळावर इनॅमल नसतं, त्यामुळे तिथे सामू सहाच्या थोडा वर असतानाच झीज सुरू होते. झायलिटॉल गोड असतं, पण त्याच्या रेणूत कार्बनचे पाचच अणू असतात. जंतू त्याला फ्रुक्टोज समजून आत ओढून घेतो, त्याला फॉस्फेट जोडतो आणि तिथेच अडतो. त्यापासून ना ऊर्जा मिळते ना आम्ल बनतं. उलट ते बाहेर टाकायला त्याचीच शक्ती खर्च होते. म्हणून जंतू उपाशी मरतो असं सांगितलं जातं, ते मात्र फार वाढवून सांगितलेलं आहे. काही महिने झायलिटॉल घेतलं की त्याला न जुमानणारे म्यूटन्सही तोंडात वाढलेले दिसतात.

झायलिटॉलची ख्याती सुरू झाली ती फिनलंडच्या तुर्कू शहरातून. १९७०च्या दशकात तिथे सव्वाशेच्या आसपास लोकांना दोन वर्षं वेगवेगळा आहार दिला गेला: एका गटाला नेहमीची साखर, दुसऱ्याला फ्रुक्टोज, तिसऱ्याला सगळ्या गोड पदार्थांत झायलिटॉल. झायलिटॉलच्या गटात नवी कीड जवळपास ८५ टक्क्यांनी कमी निघाली. हा आकडा अजून जाहिरातींतून फिरतो. पण त्या लोकांची तुलना साखर खाणाऱ्यांशी होती आणि त्यांच्या पूर्ण आहारातली साखरच बदललेली होती. साखर काढून घेतल्याचा फायदा किती आणि झायलिटॉलचा स्वतःचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

बाईंच्या प्रश्नाला जवळचा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कीड लागण्याचा धोका जास्त अशा ६९१ प्रौढांना ३३ महिने रोज पाच गोळ्या दिल्या. निम्म्यांच्या प्रत्येक गोळीत एक ग्रॅम झायलिटॉल, उरलेल्यांच्या गोळ्या दिसायला आणि चवीला तशाच, पण झायलिटॉलविना. कोण काय घेतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकूण कीड झायलिटॉलच्या गटात दहा टक्क्यांनी कमी निघाली. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून तो फायदा सिद्ध झाला असं धरत नाहीत. पण त्याच माहितीतून दातांचे पृष्ठभाग वेगवेगळे तपासले तेव्हा उघड्या मुळांवरची नवी कीड सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. हे विश्लेषण मागाहून केलेलं, त्यामुळे मी ते अंतिम पुरावा मानत नाही. तरीही मुळांवर कीड आणि तोंडात कोरड असलेला माणूस समोर बसला की ते मला आठवतं.

वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१५चा. त्यात दहा अभ्यास, सहा हजारांच्या जवळपास माणसं. त्यातून जरा ठोस म्हणावा असा एकच निष्कर्ष निघाला: फ्लोराइडच्या टूथपेस्टमध्ये दहा टक्के झायलिटॉल घातलं तर मुलांच्या कायमच्या दातांतली कीड नुसत्या फ्लोराइड पेस्टपेक्षा १३ टक्क्यांनी कमी. त्याचाही दर्जा कमी ठरवला गेला. च्युइंगम आणि गोळ्यांबद्दल आढाव्याने पुरावा अपुरा म्हटलं. निरुपयोगी असं म्हटलेलं नाही, हा फरक वाचताना निसटू देऊ नये.

च्युइंगमचा आणखी एक गुण आहे आणि त्याचं श्रेय बहुतेक वेळा झायलिटॉलला जातं. तो गुण चघळण्यातच आहे. जेवणानंतर साखर नसलेलं काहीही वीसेक मिनिटं चघळलं की लाळेचा ओघ सुरुवातीला दहापटीपर्यंत वाढतो. वाढलेल्या लाळेत बायकार्बोनेट जास्त असतं, ते आम्ल मारतं. त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताला परत मिळतं. २०२०च्या एका आढाव्यात साखरविरहित च्युइंगमने कीड सरासरी २८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि त्यात सगळी गम झायलिटॉलची नव्हती. स्वस्त सॉर्बिटॉलची गमही हे काम बरंच करते. मुलांच्या शाळेच्या डब्यानंतर मी म्हणूनच कोणत्या महागड्या गमचा आग्रह धरत नाही.

आता बाईंची डबी. आपल्याकडे खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि त्या डबीवरही तोच क्रम होता: आयसोमाल्ट, सॉर्बिटॉल, गम बेस, मॅनिटॉल, मग झायलिटॉल. झायलिटॉल पाचवं. पाच गोष्टी उतरत्या क्रमात असतील तर पाचवी एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असूच शकत नाही. एका गोळीचं वजन १.४ ग्रॅम, म्हणजे झायलिटॉल फार तर ०.२८ ग्रॅम. प्रत्यक्षात याहून बरंच कमी असणार. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे ०.८४ ग्रॅमच्या आत.

जंतूंवर परिणाम दिसायला मात्रा किती लागते, हेही तपासलेलं आहे. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या आसपास फारसं काही होत नाही, सहा-सात ग्रॅमला म्यूटन्सची संख्या खाली येते, आणि दहाच्या पुढे गेल्याने वेगळं काही मिळत नाही. म्हणून पाच ते दहा ग्रॅम, आणि तेही दिवसातून तीन ते पाच वेळा विभागून. बाईंना त्यांच्या डबीतून पाच ग्रॅम गाठायचे तर कमीत कमी अठरा गोळ्या चघळाव्या लागल्या असत्या, आणि सोबत वीस ग्रॅमभर गम आणि आयसोमाल्ट-सॉर्बिटॉलसारखी गोड अल्कोहोलं. पोट बिघडायला तेवढं पुरेसं आहे. ती लहान आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात.

डबी विकत घेताना आकडे पाहावेत ते असे. आपल्याकडे पाकिटावर अनेकदा नावाऐवजी आयएनएस क्रमांक असतो: झायलिटॉल ९६७, सॉर्बिटॉल ४२०, आयसोमाल्ट ९५३, माल्टिटॉल ९६५. यादीत ९६७ पहिला असेल तरच त्याला झायलिटॉलची गोळी म्हणावं. दुसरा आकडा ३३०, म्हणजे सायट्रिक आम्ल. लिंबू-संत्र्याच्या चवीच्या कित्येक साखरविरहित गोळ्यांत ते असतं. साखर नसल्याने कीड लागत नसली तरी आम्ल थेट दात झिजवतं. कोरड्या तोंडात ते धुऊन काढायला लाळही नसते. बाईंसारख्यांनी अशी गोळी टाळावीच.

च्युइंगम बाईंना तसंही सोयीचं नव्हतं. खालच्या बाजूला त्यांची काढघालीची अर्धी कवळी आहे, तिला गम चिकटते. म्हणून आम्ही चोखायच्या गोळ्यांवर आलो: एक ग्रॅम झायलिटॉलच्या, पुदिन्याच्या, ३३० नसलेल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या क्वचित दिसतात, त्यांच्या भाच्याने मागवल्या. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन, मग तीन, मग पाच. सकाळच्या न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणानंतर, संध्याकाळच्या चहानंतर, रात्री जेवल्यावर आणि एक मधल्या वेळी घसा सुकेल तेव्हा. दातांनी फोडायची नाही, विरघळू द्यायची.

हे सगळं जोडकाम. मुख्य उपचार फ्लोराइडचाच. दोन मऊ जागा भरल्या, दोन सुरुवातीच्या जागांवर फ्लोराइडचं व्हार्निश लावलं, ते दर तीन महिन्यांनी. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने घासून फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. शिवाय औषध देणाऱ्या डॉक्टरांना मी पत्र लिहिलं, मात्रा कमी करता येईल का म्हणून.

बाईंच्या घरी कुत्रा आहे, गोव्यात तो बहुतेक घरी असतोच. कुत्र्याला झायलिटॉल विष आहे. शरीराच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅमनेही त्याची रक्तातली साखर धोकादायक खाली जाते. दहा किलोच्या कुत्र्याला अशी एक गोळी पुरे, आणि जास्त गेली तर यकृत निकामी होऊ शकतं. म्हणून डबी कपाटात, वरच्या फळीवर. कुत्र्याने खाल्लीच तर उलटी वगैरेची वाट न पाहता थेट पशुवैद्याकडे न्यायचं.

जाताना त्यांनी विचारलं, "नातीला देऊ का रे?" नात चार वर्षांची. नको म्हटलं. पाच वर्षांच्या आत गम किंवा कडक गोळी घशात अडकू शकते. त्यांच्या थोरल्या भावाला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, त्यांच्याबद्दलही त्यांनी विचारलं. २०२४ साली युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आलेल्या संशोधनात, दहा निरोगी माणसांना एकदम ३० ग्रॅम झायलिटॉल पाजल्यावर रक्तातल्या प्लेटलेट काही तास जास्त चिकट झालेल्या दिसल्या. दिवसभरात विभागलेल्या पाच ग्रॅमला ते तसंच लागू पडतं असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या माणसाने आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं, असंच मी सांगितलं.

सहा महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. नवी कीड नव्हती. व्हार्निश लावलेल्या दोन जागा गडद आणि गुळगुळीत झालेल्या, हत्यार त्यात रुतत नव्हतं. कीड थांबल्याची ती खूण. त्याचं श्रेय गोळ्यांना द्यायला त्या तयारच होत्या, पण मी देऊ शकलो नाही. पेपरमिंट सुटली होती, व्हार्निश दोनदा लागलं होतं, रात्रीचं औषध निम्मं झालं होतं आणि गोळ्या सुरू होत्या, हे चारही एकाच वेळी झालं. आरसा मात्र आता गालाला चिकटत नव्हता.