न्यूट्रलजवळचे पाच टक्के

नागपूरच्या उत्तरेला असलेल्या खापरखेडा औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक संच आहे. २१० मेगावॅटच्या संचातील जनित्र साधारणपणे १५.७५ किलोव्होल्टवर वीज निर्माण करते. या आकाराचे एक जनित्र पुढील हिशेबासाठी घेऊ. त्याच्या अर्थिंगचे आकडे मात्र उदाहरणादाखल धरलेले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष यंत्राचे नाहीत.

जनित्राच्या स्टेटरमध्ये तीन फेजच्या तीन गुंडाळ्या असतात. त्यांची एकेक टोके एकत्र जोडलेली असतात आणि तो जोडबिंदू म्हणजे न्यूट्रल. जमिनीच्या तुलनेत न्यूट्रलचा दाब जवळजवळ शून्य असतो. तेथून गुंडाळीतून पुढे जावे तसा दाब वाढत जातो आणि दुसऱ्या टोकाशी, म्हणजे टर्मिनलशी, तो १५.७५ किलोव्होल्ट भागिले वर्गमूळ ३, म्हणजे सुमारे ९,०९० व्होल्ट होतो. गुंडाळीचे तांबे लोखंडी गाभ्याच्या खाचांत बसवलेले असते आणि त्या दोहोंमध्ये फक्त इन्सुलेशन असते. ते फाटले की तांबे जमिनीशी जोडलेल्या गाभ्याला टेकते. यालाच स्टेटरचा अर्थ फॉल्ट म्हणतात.

न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेला असेल तर अशा वेळी हजारो अँपिअर प्रवाह वाहील आणि गाभ्याचे पातळ पत्रे वितळून एकमेकांना चिकटतील. जळालेली गुंडाळी बदलता येते, पण गाभा नव्याने रचणे हे महिनोनमहिन्यांचे काम असते. शिवाय संच ट्रिप झाला तरी रोटरचे चुंबकीय क्षेत्र विरायला काही सेकंद लागतात आणि तोवर फॉल्टमधून प्रवाह वाहतच राहतो. म्हणून हा प्रवाह मुळातच लहान ठेवावा लागतो. त्यासाठी न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये एक लहान ट्रान्सफॉर्मर जोडतात, ज्याला वीजकेंद्रात एनजीटी म्हणतात, आणि त्याच्या दुय्यम बाजूला रोधक लावतात.

रोधक हवा तेवढा मोठा मात्र घेता येत नाही. गुंडाळी, जनित्राची वीज वाहून नेणारा बसडक्ट आणि तिचा दाब २२० किलोव्होल्टपर्यंत चढवणारा जनरेटर ट्रान्सफॉर्मर यांची जमिनीशी धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, असते. टर्मिनलवर फॉल्ट झाल्यास तिच्यातून ५ अँपिअर वाहतात असे धरू. रोधकातूनही किमान तेवढाच प्रवाह वाहायला हवा, कारण तो कमी असेल तर पेटत-विझत राहणाऱ्या ठिणगीमुळे धारितेवर विद्युतभार साठत जातो आणि निरोगी फेजवरचा दाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो. म्हणून न्यूट्रलकडून पाहता रोध सुमारे १,८२० ओहम ठेवू. एनजीटीचे प्रमाण १५,७५० ला २४० असेल, तर दुय्यम बाजूचा प्रत्यक्ष रोधक जेमतेम ०.४२ ओहमचा येतो आणि टर्मिनलवरच्या फॉल्टला त्याच्यावर सुमारे १३९ व्होल्ट उभे राहतात. नेहमीचा संरक्षक रिले हाच दाब मोजतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे सेटिंगपलीकडे गेला की संच बंद करतो.

फॉल्ट गुंडाळीच्या मध्यावर असेल तर तेथील दाब निम्मा असतो, म्हणून न्यूट्रलही निम्म्याच दाबाने सरकतो आणि रिलेला ७० व्होल्ट दिसतात. न्यूट्रलपासून पाच टक्के अंतरावरच्या फॉल्टला फक्त ७ व्होल्ट मिळतात. प्रत्यक्ष न्यूट्रलवरच फॉल्ट झाला तर शून्य, कारण जो बिंदू आधीच जमिनीच्या दाबावर आहे तो जमिनीला टेकल्याने काहीच सरकत नाही. रिलेची सेटिंग बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या उदाहरणात ७ व्होल्ट. त्याखालचा गुंडाळीचा भाग या रिलेच्या कक्षेबाहेर राहतो.

सेटिंग एक टक्क्यावर का आणत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. निरोगी यंत्रातही न्यूट्रलवर थोडा दाब असतोच. त्यातला मोठा वाटा तिसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट, १५० हर्ट्झच्या लहरीचा असतो. मूळ लहरी तिन्ही फेजमध्ये १२० अंशांनी सरकलेल्या असल्याने एकमेकींना निष्प्रभ करतात, पण तिसऱ्या हार्मोनिकमध्ये ते अंतर तिप्पट, म्हणजे ३६० अंश होते. त्यामुळे तिन्ही लहरी एकाच वेळी चढतात आणि न्यूट्रलवर उमटतात. रिले फक्त ५० हर्ट्झ पाहणारा ठेवला की ही अडचण सुटते.

दुसरी अडचण मात्र ५० हर्ट्झचीच आहे. २२० किलोव्होल्टच्या बाजूला एखाद्या लाइनवर अर्थ फॉल्ट झाला की जनरेटर ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधील धारितेतून थोडा दाब जनित्राकडे झिरपतो. तिन्ही फेजची मिळून ही धारिता ०.०३ मायक्रोफॅराड आणि तिच्यावर परिणामकारक दाब २१ किलोव्होल्ट धरला, तर सुमारे ०.२ अँपिअर येतात. आपल्या रोधक-धारितेच्या जोडीवर त्यातून सुमारे २५५ व्होल्ट उभे राहतात. हे प्रमाण टर्मिनलच्या ९,०९० व्होल्टच्या २.८ टक्के होते. सेटिंग एक टक्का असती, तर बाहेरच्या लाइनवरील फॉल्ट लवकर दूर न झाल्यास निरोगी संच बंद पडला असता. पाच टक्क्यांचा आकडा अशा हिशेबातून येतो, आणि माझ्या मते तो पुरेसा समजून घेतला जात नाही.

त्यातही हा आकडा फॉल्ट पक्का असेल तरच खरा ठरतो. फॉल्टच्या जागी स्वतःचा १,८२० ओहम रोध असेल, तर वरील आकड्यांनी न्यूट्रलवर फॉल्टच्या ठिकाणच्या दाबाचा केवळ ४५ टक्के भाग पोचतो. मग दहा टक्के अंतरावरचा फॉल्टही साडेचार टक्केच दिसतो आणि रिले गप्प राहतो.

न्यूट्रलजवळ दाबच नाही, तर तेथील इन्सुलेशन फाटेल कशाला, असे म्हणता येईल. पण इन्सुलेशन केवळ दाबाने फाटत नाही. टोकाकडच्या गुंडाळ्यांचे कंपन, खाचेतील सैल पाचर, पाण्याने थंड होणाऱ्या यंत्रातील गळती ही कारणे न्यूट्रलजवळही तितकीच असतात. असा फॉल्ट होऊन दडून राहिला तर न्यूट्रल व्यवहारतः थेट जमिनीला जोडला जातो आणि एनजीटी निरुपयोगी होतो. त्यानंतर दुसऱ्या फेजच्या टर्मिनलजवळ फॉल्ट झाल्यास प्रवाहाला फक्त यंत्राची स्वतःची रिअॅक्टन्स अडवते. तेव्हा फेजच्या दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहणारा डिफरन्शियल रिले धावून येईल, पण तोवर गाभा भाजलेला असेल. दुसरा फॉल्ट त्याच फेजमध्ये झाला तर प्रवाह त्या दोन बिंदूंमधल्या वेढ्यांतच फिरतो, फेजच्या दोन्ही टोकांचे प्रवाह सारखेच राहतात आणि डिफरन्शियललाही काही दिसत नाही.

हा कोपरा राखण्यासाठी मघाशी गाळून टाकलेला तिसरा हार्मोनिकच कामी येतो. निरोगी यंत्रात तो न्यूट्रल आणि टर्मिनल यांच्यात वाटला जातो. न्यूट्रलजवळ फॉल्ट झाला की न्यूट्रलवरचा १५० हर्ट्झचा दाब नाहीसा होतो. म्हणून दुसरा रिले दाब वाढण्याऐवजी घटण्याची वाट पाहतो. संच चालू करताना केलेल्या चाचणीत हे स्वच्छ दिसते: ब्रेकर उघडा ठेवून टर्मिनल जमिनीला जोडतात आणि उत्तेजन, म्हणजे रोटरला दिलेला प्रवाह, हळूहळू वाढवतात, तेव्हा पाच टक्क्यांच्या आसपास पहिला रिले उचलतो. तोच जमिनीचा जोड न्यूट्रलवर नेला की पहिला रिले पूर्ण दाबालाही हलत नाही, दुसरा मात्र उचलतो.

या पद्धतीचीही मर्यादा आहे. तिसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण भाराप्रमाणे बदलते, म्हणून वेगवेगळ्या भारांवर ते मोजून सर्वांत लहान नोंदीच्या निम्म्याजवळ सेटिंग ठेवावी लागते. ज्या यंत्राच्या गुंडाळीची पिच, म्हणजे वेटोळ्याच्या दोन बाजूंमधले अंतर, दोन ध्रुवांमधल्या अंतराच्या दोन-तृतीयांश आहे, तेथे तिसरा हार्मोनिक मुळातच नगण्य असतो. अशा ठिकाणी, आणि आता मोठ्या संचांवरही, एनजीटीच्या दुय्यम बाजूने २० हर्ट्झचा लहान दाब बाहेरून सोडतात आणि परतणाऱ्या प्रवाहावरून जमिनीशी असलेला रोध काढतात. येथे फॉल्टच्या जागी यंत्राचा स्वतःचा दाब किती आहे याने फरक पडत नाही, त्यामुळे न्यूट्रल आणि टर्मिनल सारखेच दिसतात. यंत्र थांबलेले असतानाही ही मोजणी चालते, म्हणून ओव्हरहॉलनंतर न्यूट्रलच्या बाजूला चुकून राहिलेला जमिनीचा जोड उत्तेजन देण्यापूर्वीच सापडतो.