शीतलीचा गारवा नेमका कुठे पडतो?

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळकडच्या योगवर्गांत शीतली प्राणायाम हटकून शिकवला जातो. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करायची, ती ओठांतून किंचित बाहेर काढायची, नळीतून सावकाश हवा ओढायची, तोंड मिटायचं आणि नाकाने श्वास सोडायचा. जिभेला गारवा लगेच जाणवतो. त्यावरून पुढे सांगितलं जातं की याने अंगातली उष्णता उतरते, पारा ४४-४५ वर गेला तरी बाधत नाही. यातलं पहिलं वाक्य अनुभवाचं आहे. दुसरं कुठून आलं आणि त्यात तथ्य किती, हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरण्याचे प्रकार, सांगितले आहेत आणि शीतली त्यांपैकी एक. दुसऱ्या उपदेशातलं, म्हणजे प्रकरणातलं, तिचं वर्णन अगदी आटोपशीर आहे: जिभेने वायू ओढावा, पूर्वीप्रमाणे कुंभक करावा आणि हळूहळू नाकपुड्यांनी सोडावा. फळ म्हणून गुल्म म्हणजे पोटातल्या गाठी, प्लीहेचे विकार, ज्वर, पित्त, भूक, तहान आणि विष यांचा नाश सांगितला आहे. जिभेची नळी करावी असं मूळ श्लोकात नाही. पक्ष्याच्या चोचीसारख्या जिभेचा खुलासा पुढे ब्रह्मानंदांच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण जीभ वळत नाही म्हणून हिरमुसणारे बरेच जण असतात. काहींची जीभ वळते, काहींची वळत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. आनुवंशिकतेचे अभ्यासक स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये हा गुण साध्या वारशाने येतो असं मांडलं होतं. पण १९५२ मध्ये जुळ्यांच्या पाहणीत एकसारख्या जुळ्यांपैकीही काही जोड्यांत एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची नाही असं दिसलं, तेव्हा तो नियम टिकला नाही. ज्यांना नळी जमत नाही त्यांच्यासाठी दातांच्या फटीतून हवा ओढायची सीत्कारी त्याच ग्रंथात शीतलीच्या आधीच दिलेली आहे.

अशा जुन्या विधानांना प्रयोगाची कसोटी लावायची, हा विचार महाराष्ट्रात रुजवणारा माणूस काही वर्षं खान्देशातच होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवत आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. त्याच काळात त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांच्या क्ष-किरण तपासण्या केल्या. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं नाही आणि म्हणून खोटंही नाही, आधी मोजून पाहू, ही त्यांची रीत. शीतलीकडेही त्याच रीतीने बघायला हवं.

त्यासाठी नाक काय करतं ते आधी समजून घेऊ. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना पन्हाळीसारखे वळलेले हाडांचे पडदे असतात, त्यांवर भरपूर रक्तपुरवठा असलेली ओली त्वचा असते. हवा त्यांच्यातल्या अरुंद फटींतून जाते, त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक थर ओल्या त्वचेला घासून जातो. हवा बाहेर कशीही असो, घशाच्या वरच्या भागात पोचेपर्यंत ती अंगाच्या तापमानाच्या जवळ येते आणि बाष्पाने जवळजवळ भरते. धुळीचे मोठे कण तिथेच अडकतात. हवेला बाष्प देताना नाकाची त्वचा स्वतः थोडी गार होते. उच्छ्वासाची दमट हवा त्या गार त्वचेवरून परत जाते तेव्हा त्यातलं काही पाणी पुन्हा तिथेच जमतं. म्हणजे नाक दिलेल्या पाण्यातला काही भाग वसूल करतं.

तोंड एवढं काम करत नाही. ते मोठं आणि मोकळं आहे, हवा त्यातून सरळ घशात जाते. हवेला ओलं करण्याचं उरलेलं काम मग घसा आणि श्वासनलिका करतात. शीतलीत जिभेची अरुंद नळी ही उणीव थोडी भरून काढते, पण नाकाइतकी नाही. नाकाने सोडण्याचाही हिशेब बघा. आत घेताना हवा नाकातून गेलेलीच नसते, त्यामुळे नाकाची त्वचा गार झालेली नसते आणि पाण्याची वसुली कमी होते. शीतलीत नेहमीच्या श्वासापेक्षा थोडं पाणी जास्तच खर्च होतं. अंगातली तहान ती भागवू शकत नाही. ओल्या जिभेवरच्या गारव्याने फार तर तहानेची जाणीव घटकाभर मंदावेल.

आता मे महिन्यातली भुसावळची दुपार घेऊ. सावलीत ४२ अंश, आर्द्रता पंधरा टक्के. त्या हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम पाणी असतं आणि फुप्फुसात पोचल्यावर ते ४४ मिलिग्रॅम होतं. दीड लिटरचे वीस श्वास घेतले तर हवा तीस लिटर होते. नाकाने काहीच वसूल केलं नाही असं धरलं, तरी सगळं मिळून जेमतेम एक ग्रॅम पाणी उडालं. एक ग्रॅम पाणी उडताना अर्ध्या किलोकॅलरीहून थोडी जास्त उष्णता घेऊन जातं. साठ किलोच्या माणसाचं तापमान एक अंशाने उतरायला सुमारे पन्नास किलोकॅलरी जायला लागतात. म्हणजे वीस आवर्तनांनी फरक पडला तर एका अंशाच्या शंभराव्या भागाचा, आणि त्यातलाही मोठा वाटा साध्या श्वासाने मिळालाच असता. अंगाला गार ठेवतो तो घाम.

जिभेची गोष्ट मात्र वेगळी. वीस श्वासांतल्या त्या एका ग्रॅमपैकी जो भाग जिभेच्या पातळ पृष्ठभागावरून उडतो, तो तिथे लगेच जाणवतो. त्या दुपारच्या हवेत वाऱ्याला धरलेलं ओलं फडकं बावीस अंशांच्या आसपास उतरू शकतं. जिभेत रक्त खेळत असल्याने ती इतकी उतरत नाही, पण खेच त्याच दिशेने असते. म्हणून ४२ अंशांची हवा ओढूनही जीभ गार लागते. आपल्याकडचा वाळ्याचा कूलर मेमध्ये खोली गार करतो आणि ऑगस्टमध्ये नुसती दमट हवा फेकतो, त्याचं कारणही हेच. पावसाळ्यात २८ अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता असताना शीतली करून पाहा, गारवा बराच फिका लागेल.

शीतली बरोबर होते आहे का, हे गारवा कुठे लागतो त्यावरून कळतं. जिभेच्या टोकाला आणि मध्यभागी गार लागलं तर ठीक. घशाच्या मागे कोरडेपणा, खवखव किंवा खोकल्याची उबळ आली तर हवा फार जोरात ओढली जाते आहे, नाहीतर जीभच सुकली आहे. मग थांबून घोटभर पाणी प्यावं. धुळीचा वारा सुटला असेल, शेतात पऱ्हाट्या जळत असतील किंवा जिनिंगच्या आवारात कापसाचा कचरा उडत असेल, तर शीतली नकोच. तोंडाने ओढलेल्या हवेला नाकाची गाळणी लाभत नाही. दमेकऱ्यांच्या श्वासनलिका कोरड्या हवेने आखडू शकतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. उन्हात कुणी बरळू लागलं, अंग तापून निघालं, शुद्ध हरपत असेल, तर शीतली सांगत बसू नका. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.