खिंडारातला पत्रा आणि पाण्याच्या आडव्या पट्ट्या

साक्री तालुक्यात पांझरेला जाऊन मिळणाऱ्या एका नाल्यावर आमच्या गावाचा जुना दगडी बंधारा आहे. एका पुरात त्याला मधोमध खिंडार पडलं. खिंडार दगडांनी बुजवलं असतं तर मागे पुन्हा गाळ साचला असता. म्हणून गावानं वेगळं ठरवलं: पाऊस संपला की त्यात लोखंडी पत्रा उभा करायचा, पाणी अडवायचं आणि मृग लागण्याआधी तो काढून पुराला वाट मोकळी करून द्यायची. बेत चांगला होता. पण वेल्डिंगवाल्यानं पहिलाच प्रश्न असा विचारला की सगळे माझ्याकडे बघायला लागले: पत्र्यावर पाण्याचा जोर किती येणार? ते कळल्याशिवाय मागून अँगल किती आणि कुठे मारायचे, हे तो सांगेना.

खिंडार चौकोनी असतं तर उत्तर दोन ओळींत मिळालं असतं. पण पाण्यानं फोडलेलं भोक कधी चौकोनी असतं का? डावीकडे दगड तिरपे घसरलेले, उजवीकडे मधेच एक खडक पुढे आलेला आणि तळाशी जेमतेम माणूस उभा राहील एवढी सांदी. पत्रा त्याच आकाराचा कापायचा होता. या आकाराला पुस्तकात नाव नाही आणि त्याच्यासाठी सूत्रही नाही.

पाण्याच्या दाबाची गोष्ट मात्र सरळ आहे. पृष्ठभागापासून एक मीटर खाली गेलं की प्रत्येक चौरस मीटरवर १००० किलो वजनाइतका दाब पडतो. दोन मीटरवर २००० किलो, अर्ध्या मीटरवर ५०० किलो. हवेचा दाब पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यानं तो हिशोबातून जातो. (न्यूटनमध्ये उत्तर हवं असेल तर किलोला ९.८१ नं गुणा. वेल्डिंगवाल्याला किलोच कळतात, म्हणून मीही किलोतच बोलतो.)

एवढं सांगितलं तोच नानांनी अडवलं. नानांनी उमेदीत पाटकरी म्हणून फडाचं पाणी वाटलेलं आहे, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत ते सहजासहजी कुणाचं ऐकून घेत नाहीत. "मांगे इतलं पानी तुंबी, मंग जोर इतलाच कसा?" म्हणजे मागे पार वळणापर्यंत पाणी भरलं तरी तुम्ही फक्त खोलीच मोजणार का?

शंका अगदी रास्त होती. उत्तर गवंड्याच्या हातातच होतं. त्याच्याकडे पातळी बघायची पारदर्शक नळी होती. तिचं एक टोक भरलेल्या हौदात बुडवलं, नळी पाण्यानं भरून घेतली आणि दुसरं टोक बाहेर उभं धरलं. बोटाएवढ्या नळीतलं पाणी हौदातल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबलं. हौदातलं पाणी जास्त आहे म्हणून ते जास्त रेटत असतं, तर नळीतून कारंजं उडालं असतं. हौदभर पाणी आणि नळीभर पाणी खोली सारखी असेल तर सारखंच दाबतं. नाना काही वेळ नळी वरखाली करून बघत राहिले आणि मग म्हणाले, "मोज."

आता खरी अडचण. पत्र्यावर दाब सगळीकडे सारखा नाही. वर जवळपास शून्य, तळाला २००० किलो प्रति चौरस मीटर. मग गुणायचं कशाला कशानं? इथे पत्रा मनातल्या मनात कापायचा, आणि आडवाच कापायचा. आडव्या पट्टीचं डावं टोक आणि उजवं टोक एकाच खोलीवर असतं, म्हणून पूर्ण पट्टीवर जवळपास एकच दाब धरता येतो. उभी पट्टी कापली तर तिच्या माथ्यावर एक दाब आणि पायथ्याशी दुसरा, म्हणजे अडचण जिथल्या तिथे.

ठरलेल्या पाणीपातळीला खिंडाराच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोरी बांधली. दोरीवरून खुणा केलेली काठी खाली सोडली आणि दर २५ सेंटीमीटरच्या पट्टीच्या मध्यावर टेप आडवा धरून रुंदी घेतली. तळापर्यंत खोली दोन मीटर, म्हणजे आठ पट्ट्या. प्रत्येक पट्टीचा हिशोब एकच: १००० × खोली × रुंदी × ०.२५.

| पट्टी | मध्याची खोली (मी.) | रुंदी (मी.) | जोर (किलो) |
|---|---|---|---|
| १ | ०.१२५ | ३.२ | १०० |
| २ | ०.३७५ | ३.० | २८१ |
| ३ | ०.६२५ | २.९ | ४५३ |
| ४ | ०.८७५ | २.४ | ५२५ |
| ५ | १.१२५ | २.३ | ६४७ |
| ६ | १.३७५ | २.० | ६८८ |
| ७ | १.६२५ | १.२ | ४८८ |
| ८ | १.८७५ | ०.८ | ३७५ |

बेरीज ३५५७ किलो. शेवटचा रकाना वरून खाली वाचत या. सगळ्यात रुंद पट्टी पहिली, पण तिच्यावर जोर सगळ्यात कमी. सगळ्यात खोल पट्टी आठवी, तीही पहिल्या नंबराला नाही. सर्वात जास्त जोर सहावीवर आहे, कारण तिथे खोलीही बऱ्यापैकी आहे आणि रुंदीही अजून शिल्लक आहे. नुसत्या डोळ्यांनी खिंडाराकडे बघून हे सांगता आलं नसतं.

खोली पट्टीच्या मध्याची का घेतली? आठही पट्ट्यांना त्यांच्या वरच्या कडेची खोली लावली तर बेरीज ३००० येते, खालच्या कडेची लावली तर ४११३. खरा आकडा या दोहोंच्या मधे असणार. दाब खोलीबरोबर एकसारख्या वेगानं वाढतो, त्यामुळे पट्टी वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची असेल तर मध्यावरचा दाब धरून येणारं उत्तर अंदाजे नसतं, तंतोतंत असतं. चूक शिरते ती रुंदीमुळे, म्हणजे पट्टीच्या आतच काठ वाकडा होतो तिथे.

आमच्या खिंडारात ती जागा सहाव्या पट्टीत होती. तिच्या मध्याच्या जरा खाली खडकाची पायरी एकदम आत आलेली. रुंदी २.० वरून पुढच्याच पट्टीत १.२ वर उतरते, इथेच शंका यायला हवी. म्हणून तेवढी एक पट्टी पुन्हा दोन भागांत कापली: वरचा भाग २.२ मीटर रुंद, खालचा १.६. नवा हिशोब ६४८ किलो, म्हणजे आधी ४० किलो जास्त धरले होते. एकूण आकडा आला ३५१७. बाकीच्या पट्ट्या आणखी बारीक करण्यात अर्थ नव्हता, कारण तिथले काठ हळूहळूच आत येत होते. कॉलेजात ज्याला संकलन म्हणतात ते हेच. पट्ट्या अमर्याद बारीक केल्या की बेरजेचं संकलन होतं. फरक इतकाच की पुस्तकात रुंदीचं सूत्र दिलेलं असतं, इथे ते टेपनं शोधावं लागतं.

एकच हिशोब एकाच माणसानं दोनदा तपासला तर चूकही दोनदा होते, म्हणून पडताळा वेगळ्या वाटेनं घेतला. खिंडाराचा आकार एकास दहा प्रमाणात पुठ्ठ्यावर काढून कापला. तो कडेच्या एका भोकातून टाचणीला टांगला, ओळंब्याची रेघ मारली, मग दुसऱ्या भोकातून टांगून दुसरी रेघ. दोन रेघा जिथे छेदल्या तो पुठ्ठ्याचा गुरुत्वमध्य, वरच्या कडेपासून ८ सेंटीमीटर खाली. म्हणजे खऱ्या पत्र्यात ८० सेंटीमीटर. क्षेत्रफळासाठी गावातल्या सराफाचा काटा वापरला: त्याच पुठ्ठ्याचा १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन ३.१० ग्रॅम भरला आणि आमची आकृती १३.७६ ग्रॅम. म्हणजे पत्रा ४.४४ चौरस मीटर. सपाट पत्र्यावरचा एकूण जोर हा क्षेत्रफळ गुणिले गुरुत्वमध्याच्या खोलीवरचा दाब, इतका असतो: ४.४४ × ८०० = ३५५२ किलो. पट्ट्यांच्या उत्तरात आणि यात एक टक्क्याचा फरक. सराफानं पुठ्ठा काट्यावर ठेवताना केलेला चेहरा मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

लोक इथे हमखास एक चूक करतात. खोली दोन मीटर, म्हणून सरासरी एक मीटर धरून मोकळे होतात. तसं केलं तर उत्तर साडेचार टनांच्या आसपास जातं. आमचं खिंडार वर रुंद आहे म्हणून ही चूक लोखंड वाया घालवण्यापुरतीच. पण हाच आकार उलटा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असता, तर खरा जोर ५३०० किलोंच्या वर गेला असता आणि साडेचार टनांवर बेतलेला पत्रा वाकला असता.

अँगल कुठे मारायचे, याचं उत्तर गुरुत्वमध्यात नाही. जोर जणू एकाच बिंदूवर आहे असं मानलं तर तो बिंदू गुरुत्वमध्याच्या खाली असतो, कारण खालच्या पट्ट्या जास्त रेटतात. प्रत्येक पट्टीच्या जोराला तिच्या खोलीनं गुणून, बेरजेला एकूण जोरानं भागलं की ती खोली मिळते. आमच्याकडे ती १.१३ मीटर आली. वेल्डिंगवाल्यानं तिथे खडूनं रेघ मारली, मुख्य आडवा चॅनल त्याच रेघेवर घेतला आणि बाकीचे अँगल रेघेच्या वर विरळ, खाली दाट बसवले.

हे सगळं पाणी ठरलेल्या पातळीला, म्हणजे पत्र्याच्या माथ्याला असेपर्यंतच खरं. अवकाळी पाऊस येऊन मागची पातळी ३० सेंटीमीटरनं चढली, तर पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलोंची भर पडते. आकार कसाही असो, एकूण भर सव्वातेराशे किलोंची. शिवाय पायाशी गाळ बसला तर त्याचा रेटा वेगळा, तो या पट्ट्यांत धरलेलाच नाही.

पत्रा काढायचा कसा, हे बेत करताना कुणाच्या डोक्यात नव्हतं. साडेतीन टन जोर त्याला खाचेत दाबून धरणार. घर्षण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं धरलं तरी साडेअकराशे किलोंच्या वर जातं. त्यात आठ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन पावणेतीनशे किलोंच्या वर. गावात असलेली चेनपुली एक टनाची. भरल्या पाण्यात पत्रा जागचा हलला नसता.

पुन्हा तेच कोष्टक काढलं, पण पाणी एक मीटर उतरलंय असं धरून. वरच्या चार पट्ट्या कोरड्या पडल्या आणि खालच्या पट्ट्यांची खोली एकेक मीटरनं कमी झाली. बेरीज ६०८ किलो. पाणी निम्म्यावर आलं तर जोर निम्मा न होता सहाव्या हिश्शावर येतो, कारण भिजलेली जागाही घटते आणि तिच्यावरचा दाबही. आता घर्षण दोनशे आणि वजन पावणेतीनशे, म्हणजे पाचशेच्या आत. म्हणून पत्र्याच्या आठव्या पट्टीत चार इंची पाईप आणि व्हॉल्व्ह बसवला. चावी नानांकडे आहे. मेअखेरीस आधी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी खडूच्या रेघेखाली गेलं की ते मला फोन करतात आणि मग चेनपुली लागते.