पहिल्या जाळीपासून दुसरी जवळ का हवी?

पावसात रस्त्याच्या कडेने वाहणारे पाणी कर्बपाशी, म्हणजे रस्त्याच्या उंच काठापाशी, सर्वात खोल असते आणि रस्त्याकडे उथळ होत जाते. हे पाणी गटारात उतरवणाऱ्या जाळ्या किती अंतरावर बसवायच्या, हे काढायला पाण्याचा हा पट्टा कर्बपासून किती रुंद होऊ द्यायचा, ते आधी ठरवतात. आपण दीड मीटर धरू. कडेची नाली तेवढ्या पट्ट्यात किती पाणी वाहून नेते, ते या सूत्रातून मिळते:

```
Q = (0.376/n) × Sx^1.67 × S^0.5 × T^2.67
```

Q म्हणजे प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद), Sx रस्त्याचा आडवा उतार, S लांबीचा उतार, T पट्ट्याची रुंदी मीटरमध्ये आणि n पृष्ठभागाचा खडबडीतपणा. डांबरासाठी n = 0.016, आडवा उतार 2.5 टक्के आणि लांबीचा 1 टक्का घेतला, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे 14.6 लिटर. कर्बपाशी तेव्हा जेमतेम 37 मिलिमीटर पाणी असते.

आता पाऊस. ताशी 100 मिलिमीटर पडतो आहे, 9 मीटर रुंदीचे पाणी या कडेला येते आणि त्यातले 90 टक्के वाहते, असे धरले तर रस्त्याच्या दर मीटर लांबीमागे सेकंदाला 0.225 लिटर पाणी वाढत जाते. 14.6 ला 0.225 ने भागले की 65 मीटर. चढावरच्या टोकापासून पहिली जाळी इथे, त्यापुढे नाही.

दुसरीही 65 मीटरवर ठेवली, तर मात्र चूक होते. 45 सेंटिमीटर लांब-रुंद जाळी दीड मीटरचा पट्टा अख्खा गिळत नाही. कर्बलगतच्या खोल भागातले सुमारे 61 टक्के पाणी थेट तिच्यावर येते, बाजूचे थोडे वळते आणि एकूण दोन तृतीयांश आत जाते. उरलेले 4.9 लिटर पुढे निसटते. म्हणून पुढच्या टप्प्यात फक्त 9.7 लिटरची भर परवडते, म्हणजे अंतर 43 मीटर.

हे गणित स्वच्छ जाळीचे आहे. पानांनी आणि प्लॅस्टिकने अडून प्रत्येक जाळी एक तृतीयांशच पाणी घेऊ लागली, तर दर टप्प्याला निसटलेले पाणी साठत साठत प्रवाह दुप्पट, 29 लिटरवर जातो आणि पट्टा जवळपास दोन मीटर होतो. त्यामुळे अंतर ठरवताना जाळी अडणार हे आधीच धरावे.

दुसरा घात नव्या डांबरी थराचा. थर चढवताना आडवा उतार 2.5 वरून 2 टक्क्यांवर आला, तर त्याच दीड मीटरच्या पट्ट्यात नाली जवळपास एक तृतीयांश कमी पाणी नेते. शिवाय जाळीची चौकट जुन्याच पातळीवर खड्ड्यात राहते किंवा भोवती उंचवटा होऊन पाणी तिला वळसा घालते. पावसात जाळीच्या खालच्या बाजूला उभे राहून पाहिले की हे लगेच कळते: तिच्या पुढेही पट्टा तितकाच रुंद असेल, तर तिच्यात पाणी जातच नाही.

सखल जागी मात्र निसटून जायला वाट नसते. तिथे अंतराचे गणित चालत नाही. मधोमध एक आणि दोन्ही बाजूंना थोडी वर आणखी एकेक जाळी लागते.