टॅप वाढवले तरी ते शून्य जात नाही

“भाऊ, यवतमाळकडच्या जिनिंगातल्या मोटरीचं कंपन सेकंदाला 1000 नमुन्यांनी घेतलं. सिग्नलचा उतार काढणारा 21 टॅपचा, म्हणजे 21 गुणांकांचा फिल्टर, डिफरन्शिएटर, 500 हर्ट्झजवळ शून्यावर येते. सगळे म्हणतात टॅप कमी पडले. 101 करू का?”

नका करू. 101 ने खड्डा अरुंद होईल, बुजणार नाही. 500 हर्ट्झचा सिग्नल म्हणजे नमुने +1, −1, +1, −1. आता सगळ्यात लहान फिल्टर घ्या: पुढचा नमुना वजा मागचा, भागिले दोन. मधल्यापासून सारख्या अंतरावरचे हे दोन्ही नमुने सारखेच, म्हणून वजाबाकी शून्य. 21 असो की 101, विषम संख्येत प्रत्येक जोडी अशीच कटते; दोन्ही बाजूंचे गुणांक सारखे पण उलट चिन्हाचे, या प्रतिसममितीमुळं मधला टॅप तर मुळातच शून्य. म्हणजे दोष गुणांकांच्या अचूकतेचा नाही, रचनेचाच आहे.

आदर्श गुणांक नुसते कापून घेतले असतील, तर खड्ड्याआधी प्रतिसाद लाटांसारखा हलतो. टॅप वाढवून त्या लाटांची शेवटची उंची फारशी उतरत नाही. त्यासाठी कडेचे गुणांक हळूहळू लहान करणारी विंडो लावावी लागते.

500 पर्यंत खरंच जायचं असेल तर 22 टॅप घ्या. सम संख्येत ते सक्तीचं शून्य नसते. पण विलंब 10.5 नमुने होतो, म्हणून उतार मूळ नमुन्यांच्या मधोमध पडतो आणि मूळ सिग्नलशी नेमका जुळत नाही.

माझं मत विचाराल तर 21 च ठेवा, 400 हर्ट्झपर्यंतच डिझाइन करा. डिफरन्शिएटर वरच्या वारंवारतेचा गोंगाटच जास्त फुगवतो. तिथं तो खड्डा कामाचाच आहे.