बुधवारच्या खात्यात मंगळवारची रात्र : फोनचे आणि झोपेचे आकडे कसे वाचावेत

साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी मला एक छायाचित्र पाठवले. बारावीत शिकणाऱ्या तिच्या मुलीच्या फोनच्या पडद्याचा तो स्वतःच्या फोनने काढलेला फोटो होता. वरच्या बाजूला ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटल्यामुळे तारीख दिसत नव्हती, पण मधोमध मोठ्या अक्षरांत स्क्रीन टाइमची सरासरी आणि खाली तीन उभे स्तंभ स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या फोटोत मनगटी पट्ट्याच्या ॲपमधील झोपेची नोंद होती आणि त्यात ‘गाढ झोप ४८ मिनिटे’ हा आकडा लाल रंगात होता. सोबत बहिणीचा निरोप होता, “दादा, हिचा फोन उद्यापासून दोन तासांवर आणणार आहे. बरोबर ना?”

मी तिला उत्तर देण्याआधी आणखी तीन चित्रे मागवली, आणि ती का मागवली हेच या लेखात सांगायचे आहे.

पहिली अडचण त्या तीन स्तंभांची होती. आठवडा सोमवारी सुरू झालेला होता, फोटो बुधवारी दुपारचा होता, म्हणजे तिसरा स्तंभ अर्धाच होता. अर्धवट आठवड्याच्या सरासरीत शनिवार-रविवार येत नाहीत, आणि विद्यार्थ्यांच्या वापरात खरा फरक तिथेच पडतो. म्हणून मागच्या पूर्ण आठवड्याचा, कोणत्या ॲपवर किती वेळ गेला याचा आणि एका दिवसाच्या तासावार आलेखाचा असे तीन थेट स्क्रीनशॉट मी मागवले. पडद्याचा फोटो काढला की रेघांची जाळी उमटते आणि १ व ७ यांत गफलत होते. स्क्रीनशॉटमध्ये हा प्रश्न उरत नाही.

पूर्ण आठवड्याची बेरीज ४२ तास ४० मिनिटे निघाली, म्हणजे रोज सरासरी ६ तास ६ मिनिटे. परंतु असा ‘सरासरी’ दिवस त्या आठवड्यात एकही नव्हता. सोमवार ते शुक्रवार वापर ४ तास ४० मिनिटे ते साडेपाच तास यांच्या दरम्यान होता, शनिवारी तो ८ तास १० मिनिटे आणि रविवारी ९ तास झाला होता. त्यानंतर मुलीला शेजारी बसवून यूट्यूबचा इतिहास चाळायला सांगितला. आठवड्यातील साधारण ९ तास भौतिकशास्त्र आणि गणिताच्या व्याख्यानांचे निघाले. क्लासच्या ॲपचे साडेचार तास त्यात मिळवले की अभ्यासाचा वाटा साडेतेरा तास होतो, म्हणजे दिवसाला १ तास ५६ मिनिटे. फोन दोन तासांवर आणला असता तर अभ्यास वजा जाता तिच्या हातात चार मिनिटे उरली असती. असे उद्दिष्ट तीन दिवसांत मोडते आणि मग मोडण्याचा दोष मुलीवर येतो. कमी करण्याजोगा वापर आठवड्याला २९ तास १० मिनिटे, म्हणजे दिवसाला ४ तास १० मिनिटे होता, आणि पुढचा सगळा हिशेब मी याच आकड्यावर केला.

आता तासावार आलेखाकडे येऊ. बुधवारच्या आलेखात सर्वांत डावीकडे, रात्री १२ ते १ या तासात ४१ मिनिटे आणि १ ते २ या तासात १४ मिनिटे वापर दिसत होता. फोनच्या लेखी दिवस मध्यरात्री बदलतो, त्यामुळे ही ५५ मिनिटे बुधवारच्या खात्यात पडली असली तरी ती प्रत्यक्षात मंगळवारची रात्र होती. याच रीतीने शनिवारचे जागरण रविवारच्या स्तंभात जाऊन बसते आणि रविवार आहे त्याहून अधिक मोठा दिसतो.

आता या आलेखाशेजारी झोपेची नोंद ठेवून पाहा. त्या रात्री पट्टा सांगत होता की मुलगी १२ वाजून ४० मिनिटांनी झोपली आणि ६ वाजून २० मिनिटांनी उठली. फोन सांगत होता की एक वाजल्यानंतरही १४ मिनिटे पडदा चालू होता. दोघांपैकी खरे कोण? व्हिडिओ आपोआप पुढे चालू राहिला आणि माणूस झोपी गेला, असे घडू शकते आणि तेव्हा फोन चुकतो. इथे मात्र व्हॉट्सॲपवर तिने मैत्रिणीला पाठवलेला शेवटचा संदेश १ वाजून ९ मिनिटांचा होता. चूक पट्ट्याची होती, आणि त्या रात्रीची झोप ५ तास ४० मिनिटे नसून जास्तीत जास्त ५ तास ११ मिनिटे होती.

अशी चूक होण्याचे कारण सरळ आहे. प्रयोगशाळेत झोप मोजताना डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण नोंदवतात. मनगटी पट्ट्याकडे मुख्यतः मनगटाची हालचाल आणि नाडीचे ठोके एवढीच माहिती असते. कुशीवर पडून एका अंगठ्याने पडदा सरकवणारी मुलगी, पट्टा दुसऱ्या हातात असेल तर, त्याला झोपलेलीच वाटते. त्यामुळे झोप आणि जाग ओळखण्यात अशी उपकरणे बहुधा झोप जास्त दाखवतात, आणि झोपेच्या अवस्था ओळखण्यात तर त्यांचा अंदाज आणखी कच्चा असतो. ‘गाढ झोप ४८ मिनिटे’ या लाल आकड्यावरून कोणत्याही आईने घाबरू नये आणि कोणतेही उद्दिष्ट त्यावर बांधू नये. शंभरपैकी मिळणारा ‘झोपेचा गुण’ हे तर प्रत्येक कंपनीने स्वतः ठरवलेले सूत्र असते. दोन कंपन्यांचे गुण शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. पट्ट्याच्या नोंदीतून झोप लागण्याची आणि उठण्याची वेळ, तीही फोनच्या आलेखाशी ताडून, तेवढी घ्यावी.

या दोन वेळांतून निघणारी एक संख्या मला सर्वांत मोलाची वाटते. झोप लागण्याची आणि उठण्याची वेळ यांचा मध्य काढायचा. कॉलेजच्या दिवशी तिची झोप पट्ट्यानुसार सरासरी १२.४० ते ६.२० होती, म्हणून मध्य पहाटे साडेतीन. सुट्टीच्या दिवशी ती १.५० ते सकाळी १०.१० होती, म्हणून मध्य सकाळी सहा. फरक अडीच तासांचा झाला. म्युनिकचे संशोधक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या फरकाला ‘सामाजिक जेटलॅग’ असे नाव दिले. मुंबई आणि मॉस्को यांच्या घड्याळांत नेमका अडीच तासांचा फरक आहे. ही मुलगी दर शनिवारी शरीराच्या घड्याळापुरती मॉस्कोला जाते आणि सोमवारी सकाळी सातच्या क्लासला साताऱ्यात परत येते.

असे का होते हे समजण्यासाठी झोपेच्या दोन प्रक्रियांचे प्रारूप पाहावे लागते. झुरिकचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी ते १९८२ मध्ये मांडले. पहिली प्रक्रिया झोपेच्या दाबाची. आपण जागे असतो तसतसा हा दाब वाढतो आणि झोपेत उतरतो. ऊर्जा वापरताना मेंदूत साचत जाणारे ॲडेनोसिन हे रसायन या दाबात महत्त्वाचा भाग घेते. कॉफीतील कॅफिन ॲडेनोसिनची बसण्याची जागा अडवते, म्हणून कॉफीने तरतरी येते, पण साचलेला दाब कमी होत नाही. दुसरी प्रक्रिया घड्याळाची. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. तो साधारण चोवीस तासांच्या लयीत जागे राहण्याचा संकेत वाढवतो आणि कमी करतो, आणि सकाळच्या उजेडावर रोज आपली वेळ जुळवून घेतो. दिवसभर वाढणाऱ्या दाबाला हा संकेत संध्याकाळी तोलून धरतो. तो ओसरू लागला आणि दाब पुरेसा असला की झोप लागते. किशोरवयात हे घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप न येणे हा आळस किंवा उद्धटपणा नसतो.

आता रविवार पाहा. सव्वासहाच्या सुमारास उठलेल्या दिवशी रात्री अकरापर्यंत तिला जागे होऊन साडेसोळा तासांहून अधिक वेळ झालेला असतो. रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी उठल्यावर रात्री अकरापर्यंत जेमतेम पावणेतेरा तास होतात. दाब पुरेसा चढलेला नसतो, सकाळचा उजेड उशिरा मिळाल्यामुळे घड्याळही मागे पडलेले असते, आणि ती अंथरुणावर पडून असते. अशा वेळी हात फोनकडे जातो. तिच्या नोंदीत सर्वांत उशिरा झोप लागलेली रात्र रविवारचीच होती. याचा अर्थ या घरात फोन हे उशिरा झोपण्याचे कारण जेवढे आहे तेवढाच तो परिणामही आहे, आणि नुसता फोन काढून घेतला तर ती अंधारात छताकडे पाहत जागीच राहील.

निळ्या प्रकाशाचा जो बाऊ केला जातो त्याबद्दल इथेच सांगतो. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी प्रयोगात बारा व्यक्तींनी पाच रात्री, झोपण्यापूर्वी सलग चार तास, मंद उजेडात चमकत्या पडद्यावर पुस्तक वाचले. छापील पुस्तक वाचलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली. परिणाम खरा आहे, शरीराचे घड्याळही त्याने सरकले, पण पंचावन्न मिनिटे गप्पा मारल्याने गेलेली पंचावन्न मिनिटे त्यापुढे फार मोठी आहेत. निळा प्रकाश अडवणारा महागडा चष्मा ती परत आणत नाही. फोन उशाशी ठेवल्याने ‘रेडिएशनमुळे’ झोप उडते, हेही बहिणीने ऐकले होते. फोन दूर ठेवण्याचे कारण हात तिथवर पोहोचतो हे आहे.

आम्ही तिघांनी मिळून जे ठरवले ते असे. सर्वांत आधी, सुट्टीच्या दिवशी साडेआठला उठायचे, कारण दाब आणि घड्याळ दोन्ही तिथून सुधारतात. रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, पहिल्या आठवड्यात सव्वाबाराला आणि मग दर आठवड्याला पंधरा मिनिटे आधी. उठवण्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणले. करमणुकीचा वापर २९ तास १० मिनिटांवरून २५ तासांवर आणायचा, म्हणजे दिवसाला साधारण ३६ मिनिटे कमी. त्यातील बहुतेक भाग कॉलेजच्या पाच रात्रींतून, प्रत्येकी चाळीस मिनिटे, आपोआप निघतो. तेरा ते अठरा वयासाठी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस आठ ते दहा तास झोपेची आहे. सातचा क्लास असताना ती चार आठवड्यांत गाठणे शक्य नव्हते. म्हणून साडेसहा तासांचे पहिले उद्दिष्ट ठेवले आणि दुपारी चारच्या आत वीस मिनिटांची डुलकी घ्यायला सांगितले.

बहिणीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. काहीही न बदलता तिच्या कॉलेजच्या दिवसांत पन्नास मिनिटांचा चढउतार होता. म्हणून एखाद्या दिवशी वीस मिनिटे कमी दिसली तर ते यश नाही आणि जास्त दिसली तर ते अपयशही नाही. पूर्ण आठवडा पूर्ण आठवड्याशीच ताडायचा, आणि त्याच वेळी आईच्या फोनचा आणि लॅपटॉपचा वापर वाढलेला नाही ना, हेही पाहायचे.

तीन आठवड्यांनी आलेल्या चित्रांत रोजची सरासरी ५ तास ४० मिनिटे होती. बहिणीचा आवाज पडलेला होता, एवढे करून सव्वीसच मिनिटे कमी झाली म्हणून. मी तिला बुधवारचा तासावार आलेख उघडायला सांगितला. १ ते २ चा रकाना रिकामा होता आणि १२ ते १ मध्ये सहा मिनिटे होती. झोपेच्या मध्यांतील फरक अडीच तासांवरून एक तास चाळीस मिनिटांवर आला होता. शनिवारचा स्तंभ मात्र जवळजवळ तेवढाच उंच होता, आणि पुढच्या आठवड्यापासून आम्ही तो हाती घेतला आहे.